फोटोतल्या तेरजेची बेरीज: कॅल्क्युलेटर, टायपिंग की ओसीआर?

“तेरीज जुळते का तेवढं बघ” असा निरोप येतो आणि खाली एका पानाचा फोटो असतो. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची नावे आणि जमा अशी यादी, तिच्या दोन्ही बेरजा सारख्या यायला हव्यात. वही समोर नसते, मूळ फाइलही नसते. असतो तो थोडा तिरपा, एका कडेला सावली पडलेला फोटो, आणि त्यात नावे आणि जमा असे दोन रकाने. हे काम मी तीन रीतींनी करून पाहिलं आहे. एक, फोटो पडद्यावर मोठा करून कॅल्क्युलेटरवर बेरीज. दोन, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने स्प्रेडशीटमध्ये टाइप करायचं. तीन, ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं आणि अंक ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, पान वाचून घ्यायचं आणि बेरीज शीटवर सोडायची.

बेरीज तिन्हीकडे यंत्रच करतं, त्यामुळे बेरजेच्या अचूकतेत तुलना करण्यासारखं काही नाही. वेगही मी दुय्यम मानते. बेरीज जुळत नाही तेव्हा चूक कुठे आहे हे कोणती रीत सांगते, आणि बेरीज जुळते तेव्हा कोणती रीत काय लपवते, यावर निवड ठरते.

आधी “जुळणं” म्हणजे काय ते नीट बघू. फोटोवरून काम करताना दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. पानावरची तेरीज मुळात जुळलेली आहे का, हा एक. मी पान बरोबर वाचलं आहे का, हा दुसरा. वही समोर असताना दुसरा प्रश्न फारसा येत नाही, फोटोत तोच मोठा असतो. हाताशी चार आकडे असतात: पानाच्या तळाशी लिहिलेली नावे बेरीज, तळाशी लिहिलेली जमा बेरीज, मी वाचलेल्या नावे ओळींची बेरीज आणि मी वाचलेल्या जमा ओळींची बेरीज. बहुतेक जण शेवटचे दोनच एकमेकांशी ताडून बघतात, आणि पुढची सगळी गडबड तिथूनच सुरू होते. माझा क्रम असा: माझी नावे बेरीज पानावरच्या नावे बेरजेशी, माझी जमा बेरीज पानावरच्या जमा बेरजेशी, आणि त्यानंतर पानावरच्या दोन बेरजा एकमेकींशी. पहिले दोन ताळे माझ्या वाचनाचे आहेत, तिसरा पानाचा.

तिन्ही रीती एकाच पानावर चालवून बघू. पान छापील होतं आणि आकडे इंग्रजी होते, इथे ते मराठीत लिहिते आहे.

| खाते | नावे | जमा |
|---|---|---|
| रोख शिल्लक | १२,४५० | |
| बँक शिल्लक | ८६,३०० | |
| ऋणको | १,४३,२०० | |
| प्रारंभिक मालसाठा | ९५,००० | |
| खरेदी | ४,२८,६०० | |
| विक्री परत | ७,२५० | |
| पगार | १,०८,००० | |
| भाडे | ६०,००० | |
| फर्निचर | ७४,५०० | |
| उचल | ३६,००० | |
| भांडवल | | २,५०,००० |
| धनको | | ९७,३५० |
| विक्री | | ५,९२,८०० |
| खरेदी परत | | ५,४०० |
| कमिशन मिळाले | | ९,२५० |
| बँक कर्ज | | ९६,५०० |
| एकूण | १०,५१,३०० | १०,५१,३०० |

कॅल्क्युलेटर

सोळा ओळी आहेत, त्यामुळे पहिला मोह कॅल्क्युलेटरचाच होतो. फोटो लॅपटॉपवर, कॅल्क्युलेटर हातात. फोटो आणि कॅल्क्युलेटर दोन्ही मोबाइलवर असतील तर मात्र हा नाद सोडा. प्रत्येक आकड्याला पडदा बदलावा लागतो आणि परत आल्यावर डोळा एक ओळ वर नाहीतर एक ओळ खाली जाऊन बसतो. कागदावर आपण पट्टी ठेवत खाली सरकतो, मोठ्या केलेल्या फोटोवर ती सोय राहत नाही.

समजा नावे रकान्याची बेरीज १०,१५,३०० आली. पानावर आहेत १०,५१,३००. फरक ३६,००० कमी. जुना नियम असा की फरकाएवढी ओळ आहे का ते आधी बघायचं, कारण मग ती गाळली गेली असणार. इथे उचल बरोबर ३६,००० आहे. सापडलं! पण थांबा. ३६,००० ला ९ ने भाग जातो, आणि फरकाला ९ ने भाग जाणं ही शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाल्याची खूण असते. मालसाठ्याचे ९५,००० मी ५९,००० असे दाबले असतील तरीही फरक नेमका ३६,००० च येतो. मग उचल गाळली गेली की मालसाठा उलटा दाबला गेला?

कॅल्क्युलेटर हे सांगू शकत नाही, कारण त्याच्याकडे शेवटचा आकडा आहे, वाट नाही. दाबलेल्या आकड्यांची कागदी पट्टी छापणारं यंत्र असेल, किंवा ‘चेक’ बटणाने मागच्या पायऱ्या दाखवणारं असेल, तर गोष्ट वेगळी. साध्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दुसऱ्या फेरीत मी खालून वर जाते, म्हणजे निदान तीच लय, तीच घसरण पुन्हा होत नाही. दुसऱ्या वेळी १०,५१,३०० आले तर काम झालं, पण पहिल्यांदा काय चुकलं ते कायमचं गुलदस्त्यात. आणि दुसऱ्या वेळी तिसराच आकडा आला, तर आता दोन न जुळणाऱ्या बेरजा हातात असतात आणि कोणत्याच बेरजेवर विश्वास ठेवायला आधार नसतो.

तरीही एका कामासाठी ही रीत मला पसंत आहे. पान पाठवणारा फोनवर आहे, बेरीज जुळत नसेल तर तो लगेच दुसरा फोटो पाठवू शकतो, आणि मला फक्त “ठीक” किंवा “ठीक नाही” एवढंच सांगायचं आहे. तिथे शीट उघडून बसणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

एक वाचतो, दुसरा टाइप करतो

या रीतीत वाट शिल्लक राहते. शीटमध्ये प्रत्येक आकडा आपापल्या ओळीत बसलेला असतो, त्यामुळे वरचा पेच एका नजरेत सुटतो: उचलीची ओळ रिकामी दिसते, किंवा मालसाठ्यासमोर ५९,००० दिसतात.

हिची खास चूक म्हणजे अंकांची अदलाबदल, आणि त्यात मराठीचाही थोडा हात आहे. आपण संख्या म्हणताना एकक आधी उच्चारतो. “सत्त्याण्णव” ऐकणाऱ्याच्या कानावर सात आधी पडतो आणि नव्वद नंतर, बोटांना मात्र नऊ आधी दाबायचा असतो. त्यातून एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी ही मंडळी तर ऐकणाऱ्याची परीक्षाच घेतात. म्हणून मी वाचणाऱ्याला पूर्ण संख्या म्हणूच देत नाही. “धनको, जमा, नऊ सात तीन पाच शून्य.” सुरुवातीला हे पोरकट वाटतं, पण आकडे उलटे पडण्याचं प्रमाण लगेच उतरतं. खात्याचं नाव आणि रकाना आकड्याआधी म्हणायचा, म्हणजे टाइप करणाऱ्याचा हात योग्य रकान्यात आधीच जाऊन थांबतो.

एवढं करूनही समजा धनकोंचे ९७,३५० हे ९३,७५० असे टाइप झाले. नावे रकाना पानाशी जुळला. जमा रकाना मात्र १०,४७,७०० दाखवतो, म्हणजे ३,६०० कमी. जमा रकान्यात ३,६०० ची ओळ नाही. ३,६०० ला ९ ने भागलं की ४०० येतात. यातून दोन गोष्टी कळतात. अदलाबदल हजाराच्या आणि शतकाच्या स्थानांत झाली आहे, आणि त्या दोन अंकांत ४ चा फरक आहे. आता जमा रकान्यातल्या सहा ओळींचे हजार आणि शतक एवढेच अंक बघायचे. भांडवलात ० आणि ०, विक्रीत २ आणि ८, खरेदी परतमध्ये ५ आणि ४, कमिशनमध्ये ९ आणि २, कर्जात ६ आणि ५. चारचा फरक फक्त धनकोंच्या ओळीत: ३ आणि ७. फोटोत फक्त ती एक जागा मोठी करून बघायची. बाकी पंधरा ओळींकडे वळावंच लागत नाही.

हे इतकं सरळ झालं कारण जमा रकाना एकट्याने पानावरच्या बेरजेशी ताडला होता. फक्त नावे विरुद्ध जमा असं बघितलं असतं, तर ३,६०० कमी जमेत की ३,६०० जास्त नावेत हे कळलं नसतं आणि शोध सोळाही ओळींत पसरला असता.

टाइप झाल्यावर परत तपासायचं असेल तर भूमिका उलट करा. ज्याने टाइप केलं तो शीटमधून वाचेल, दुसरा फोटोकडे बघेल. त्याच माणसाने त्याच फोटोतलं तेच धूसर अक्षर पुन्हा वाचलं तर तो तेच वाचतो. पहिल्यांदा ६ वाटलेला अंक दुसऱ्यांदाही ६ च वाटतो, कारण आता डोक्यात ६ बसलेला असतो.

याच कारणासाठी आणखी एक सवय लावून घेतली आहे. तळाच्या दोन बेरजा सगळ्यात आधी, एकही ओळ टाइप करण्याआधी, फोटोवरून वाचून लिहून ठेवते. उलट क्रमाने गेलं की शीटमधली बेरीज डोळ्यासमोर असते, आणि फोटोतला धूसर अंक तिच्यासारखाच “दिसायला” लागतो. हा दोष माझा आहे, फोटोचा नाही, आणि तो अनुभवातून कळला.

ओसीआर

इथे टाइप करण्याचा त्रास वाचतो, पण चुकांची जात बदलते. माणूस अंक उलटे करतो, ओळ गाळतो. ओसीआर शेजारचे अंक सहसा उलटे करत नाही. ते अंकाच्या जागी दुसरा अंक वाचतं, अंकाच्या जागी अक्षर वाचतं, रेघेला अंक समजतं आणि रकाना चुकवतं. त्यामुळे ९ ने भाग जातो का, हा हिशेबनिसांचा लाडका ताळा इथे बराचसा निरुपयोगी ठरतो.

रकाना का चुकतो ते समजून घेण्यासारखं आहे. ओसीआरला पानावर काय छापलं आहे ते दिसतं, कोरी जागा दिसत नाही. “कमिशन मिळाले” या ओळीत नावे रकाना मोकळा आहे, पण मोकळा रकाना म्हणजे शाईचा एकही ठिपका नाही. टेसरॅक्टसारख्या साधनाकडून साधा मजकूर घेतला तर त्या ओळीत फक्त नाव आणि एक आकडा येतो. तो आकडा कोणत्या रकान्यातला हे ठरवायला मधल्या अंतराशिवाय काही नसतं. पान बांधणीकडे वळलेलं असेल तर तेही अंतर फसवं होतं. म्हणून ही आज्ञा देताना मी अंतरं जपायला सांगते, आणि पान एकच सलग तुकडा आहे असं धरून ओळीने वाचायला सांगते:

```
tesseract pan.jpg pan -l mar+eng --psm 6 -c preserve_interword_spaces=1
```

एक्सेलमध्ये चित्रातून तक्ता उचलण्याची `Data from Picture` ही सोय आहे. ती रकाने स्वतः पाडायचा प्रयत्न करते आणि शंका असलेले आकडे रंगवून तुमच्याकडून तपासून घेते. आकडे छापील असतील तर दोन्ही चालतात. हस्ताक्षराच्या वहीला मात्र मी ओसीआर लावतच नाही. देवनागरी हस्ताक्षरात १ आणि ९ मधला फरक कधी कधी लिहिणाऱ्यालाच विचारावा लागतो, तिथे यंत्राला काय दोष द्यायचा.

आता आपलं पान. शीटमध्ये नावे `C` रकान्यात, जमा `D` रकान्यात, ओळी २ ते १७. पानावरच्या बेरजा ओळ १९ मध्ये. त्या मी हाताने टाइप करते, ओसीआरकडून घेत नाही. कारण पुढे येईलच.

```
=COUNTA(C2:C17)-COUNT(C2:C17)
=COUNTA(D2:D17)-COUNT(D2:D17)
=ROUND(SUM(C2:C17)-C19,2)
=ROUND(SUM(D2:D17)-D19,2)
=ROUND(C19-D19,2)
```

पहिल्या दोन सूत्रांशिवाय पुढच्या तिन्हींना अर्थ नाही. `SUM` ला एखाद्या चौकटीत आकड्याऐवजी मजकूर दिसला तर ते तक्रार करत नाही, ती चौकट गुपचूप सोडून देतं. आपल्या पानात भाड्याच्या ६०,००० मधलं एक शून्य ओसीआरने इंग्रजी ‘ओ’ असं वाचलं होतं. दिसायला आकडा, शीटच्या लेखी मजकूर. पहिल्या सूत्राने १ दाखवला आणि ती चौकट सापडली. कोऱ्या जागी ओसीआरने आडवी रेघ टाकली असेल तर तीही इथेच पकडली जाते. दोन्ही उत्तरं शून्य होईपर्यंत पुढे जायचं नाही. `ROUND` घातलं आहे ते पैशांसाठी. दशांश अपूर्णांक संगणकात नेमके साठवले जात नाहीत, त्यामुळे पैसे असलेल्या लांबलचक बेरजेत कधी शून्याऐवजी शून्याच्या जवळचा काहीतरी विचित्र आकडा शिल्लक दिसतो आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो.

‘ओ’ चं शून्य केल्यावर नावे बेरीज आली १०,६५,५५० आणि जमा १०,४२,०५०. जो फक्त नावे आणि जमा ताडून बघतो त्याच्या हातात येतो २३,५०० चा फरक. तेवढी ओळ कुठेच नाही. एखादी रक्कम चुकीच्या रकान्यात गेली की दोन बाजूंत तिच्या दुप्पट फरक पडतो, म्हणून निम्मे करून बघावं: ११,७५०. तीही ओळ नाही. ९ ने भाग जात नाही. पुस्तकातले सगळे ताळे संपले.

आता रकाने वेगवेगळे बघा. जमा पानापेक्षा ९,२५० कमी आहे आणि नावे १४,२५० जास्त. ९,२५० ही कमिशनची रक्कम, ओळखीची. ती जमेतून गेली आहे, आणि शीटमध्ये बघितलं तर नावे रकान्यात बसली आहे. खरं तर बेरजेपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. मिळालेलं कमिशन नावे बाजूला दिसलं की हिशेबाची सवय असलेल्या डोळ्याला ते खुपलंच पाहिजे. (बँकेच्या बाबतीत मात्र असं खुपणं कामाचं नाही, ओव्हरड्राफ्ट असेल तर तिची बाकी जमाही असते.)

कमिशन जागेवर नेलं. जमा जुळली. नावे आता ५,००० ने जास्त. एकच अंक आणि पुढे शून्यं, ही ओसीआरची खूण: कुठेतरी हजाराच्या स्थानचा एक अंक ५ ने वाढला आहे. छापील इंग्रजी अंकांत ५ च्या फरकाची आणि दिसायला जवळची जोडी म्हणजे ३ आणि ८. नावे रकान्यात हजाराच्या स्थानी ८ असलेल्या ओळी किती? शीटमध्ये तीन: ऋणको १,४८,२००, खरेदी ४,२८,६०० आणि पगार १,०८,०००. फोटोत फक्त या तीन जागा मोठ्या केल्या. ऋणकोंच्या ओळीत ३ होता, त्याची डावी बाजू सावलीत भरून गेलेली. १,४३,२०० केले आणि नावेही जुळली.

दोन चुका एकत्र होत्या म्हणून २३,५०० काहीच बोलत नव्हते. रकाने वेगळे केल्यावर दोन्ही चुका आपणहून पुढे आल्या.

अशा खुणा आणखी काही आहेत. रकान्याची उभी रेघ १ म्हणून वाचली गेली की ७,२५० चे १७,२५० होतात आणि फरक १०,००० येतो, म्हणजे एकावर शून्यं. पैशांचा बिंदू हरवला की रक्कम शंभरपट होते. तेव्हा फरक मूळ रकमेच्या ९९ पट असतो: फरक ७,१७,७५० असेल तर ९९ ने भागा, ७,२५० हाती येतात, म्हणजे ओळच सापडते. फरक नेमका पानावरच्या बेरजेएवढा असेल, तर तळाची “एकूण” ओळच `SUM` मध्ये शिरली आहे.

आणि बेरजा हाताने का टाइप करायच्या ते. ओसीआर एखाद्या छपाईत ३ ला ८ वाचत असेल तर ते एकदाच वाचत नाही. १०,५१,३०० मध्येही ३ आहे. दोन्ही बेरजा १०,५१,८०० अशा वाचल्या गेल्या तर त्या एकमेकींशी झकास जुळतात, आणि मग सगळ्या ओळी बरोबर असूनही दोन्ही रकाने ५०० कमी दिसतात. दोन्हीकडे सारखाच फरक आला तर ओळींआधी तळाच्या बेरजांकडे संशयाने बघावं.

जुळल्यावर काय लपतं

पान जुळलं तरी तेरीज चुकीची असू शकते, हे हिशेब शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं: नोंदच राहिली, चुकीच्या खात्यात गेली, दोन चुकांनी एकमेकांना झाकलं. ते पानाचे दोष, आणि तिन्ही रीती त्यांच्यापुढे सारख्याच आंधळ्या आहेत. फोटोच्या वाचनातला एक दोष मात्र फक्त ओसीआरच्या वाट्याला येतो आणि तो मला सगळ्यात धोकादायक वाटतो.

बेरजेला क्रम कळत नाही. ओसीआरने नावांचा रकाना एक तुकडा आणि आकड्यांचा दुसरा तुकडा असं वाचलं, आणि मध्ये “मालमत्ता” असं रक्कम नसलेलं एखादं शीर्षक असेल, तर त्याखालचे सगळे आकडे एक घर वर सरकतात. पगारासमोर भाडं, भाड्यासमोर फर्निचर. नावे १०,५१,३००, जमा १०,५१,३००, पाचही सूत्रं शून्य, आणि जवळपास प्रत्येक खात्याची बाकी चुकीची! ही तेरीज पुढे नफा-तोट्यात आणि ताळेबंदात गेली तर तिथेही बेरजा जुळतच राहणार.

यावर मला सूत्र सापडलेलं नाही, फक्त डोळा. पहिली ओळ, शेवटची ओळ आणि प्रत्येक शीर्षकाच्या लगेच खालची ओळ, एवढ्या जागी नाव आणि आकडा फोटोशी ताडायचा. घसरण एकदा झाली की पुढे तशीच चालत राहते, म्हणून या मोजक्या ओळी पुरतात. कुठल्या तरी दोन ओळींत सुटी अदलाबदल झाली असेल तर ती यात निसटू शकते. टायपिंगमध्ये नाव म्हणून मगच आकडा म्हटला जातो, त्यामुळे ही घसरण तिथे होतच नाही.

मग कोणती रीत

हस्ताक्षराचं पान असेल तर टायपिंग, यात मला शंका नाही. छापील पण एकच पान, पंधरा-वीस ओळींचं, तरीही मी टायपिंगच घेते. तेवढ्या ओळी टाइप करायला लागणारा वेळ ओसीआरचे रकाने सरळ करण्यातच जातो. दुसरा माणूस नसेल तर मी ओळी दोनदा टाइप करते, दोन वेगळ्या रकान्यांत, मध्ये थोडा वेळ जाऊ देऊन, आणि त्यांची वजाबाकी बघते.

छापील पानं तीन-चार किंवा जास्त असतील तर ओसीआर, वरच्या पाच सूत्रांसह आणि ओळींच्या त्या डोळे-तपासणीसह. प्रत्येक पानाची बेरीज वेगळी ताडायची. “मागील पानावरून” ही ओळ हाताने टाइप करायची आणि ती आधीच्या पानाच्या तळाशी जुळते का ते बघायचं. सगळी पानं एका लांब रकान्यात ओतून शेवटी एकदाच बेरीज करायची नाही, कारण मग चूक कोणत्या पानावर आहे हेही कळत नाही.

कॅल्क्युलेटर फक्त तात्काळ होकार किंवा नकार देण्यापुरता.

यातलं काहीही सुरू करण्याआधी दुसरा फोटो मिळतो का ते विचारून घ्या: पान सपाट करून, वरून सरळ, खालच्या बेरजांवर सावली न पाडता. आणि तो मेसेजिंग अ‍ॅपमधून फोटो म्हणून न पाठवता फाइल म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर वाटेत तो दाबला जातो आणि ३ चे ८ व्हायला निम्मी मदत तिथेच होते.

कधी कधी या सगळ्यातून गेल्यावर माझे दोन्ही रकाने पानाशी चोख जुळतात आणि पानावरच्या दोन बेरजाच वेगळ्या निघतात. तेव्हा वाचन संपलं, आता चूक वहीत आहे. फरक स्वतःच सस्पेन्स खात्यात टाकून मोकळं व्हायचं नाही. मी एवढंच लिहून पाठवते: “नावे ओळींची बेरीज पानाशी जुळते, जमा ओळींचीही जुळते, पानावरच्या बेरजांत अमुक इतका फरक आहे. खतावणी बघावी.” आणि माझी शीट सोबत जोडते, म्हणजे समोरच्याला पुन्हा सोळा ओळी वाचत बसावं लागत नाही.